फळ्याचा फोटो

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गॅदरिंगच्या मीटिंगनंतर व्हाइटबोर्डच्या फोटोवरून कामांची यादी करायचं माझ्याकडे आलं. रूमवर येऊन बघते तर ट्यूबलाइटच्या चकाकीत एक कोपरा गायब! उरलेल्यात एक ओळ होती: ‘जनरेटर – रोहन/स्नेहा’.

मागच्या वर्षी अशाच तिरक्या रेघेने फजिती केली होती. ‘दुसरा आणेल’ म्हणत पाण्याचे जार कुणीच आणले नाहीत. म्हणून या वेळी आधी फळा जसाच्या तसा उतरवला. मग प्रत्येक ओळीला विचारलं, नक्की करायचं काय, कोणी, कधीपर्यंत? नुसतं ‘जनरेटर’ म्हणजे काम नव्हे. ‘भाडं ठरवून शुक्रवारपर्यंत जनरेटर बुक करणे’ हे काम. ‘साउंड भारी हवा’ ही तर इच्छा, ती वेगळी काढली.

नाव मात्र मनाने घातलं नाही. प्रश्नचिन्ह टाकून रात्रीच दोघांना गाठलं. स्नेहा म्हणाली, “अगं, मी फक्त पैसे देणार, बुकिंग रोहनचं.” रोहन म्हणाला, “मला वाटलं तीच करतेय!” शेवटी रोहनचं एकट्याचं नाव लिहिलं आणि यादी सगळ्यांना दाखवली.

गायब कोपऱ्यासाठी सकाळी धावत गेले, तर शिपाईमामांनी फळा लख्ख पुसलेला! आता मी दोन फोटो काढते, एक समोरून, एक बाजूने; आणि वाचता येतायत का, ते तिथेच बघते.