तांबडं नाही, तांबूस: एका चिनी मटणाची मराठी पाककृती

माझा भाचा चीनमध्ये डॉक्टरकी शिकला. शिआन शहरात पाच-सहा वर्षं काढली. तिथल्या विद्यापीठांत मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वेगळी खानावळ असते. तिच्यावर ‘छिंगचन’ अशी पाटी असते, म्हणजे शुद्ध आणि खरं. आपण ज्याला हलाल म्हणतो त्यासाठी चिनी मुसलमानांचा, म्हणजे हुई लोकांचा, हाच शब्द. तिथलं मटण भाच्याच्या जिभेवर असं बसलं की परत येताना त्याने तिथल्या स्वयंपाकीणबाईंकडून पाककृती लिहून आणली. वहीच्या एका पानावर अकरा ओळी, सगळ्या चिनी भाषेत.

मला कामापुरती चिनी येते. यंत्रांची माहितीपत्रकं मी मराठीत आणतो. तेव्हा ते पान माझ्याकडे आलं. ज्यांच्यासाठी मराठी करायची त्या आमच्या आपा मिरजेला असतात आणि घरून जेवणाच्या ऑर्डरी घेतात. आपांनी बजावून सांगितलं, ‘‘हे बघ, मला भाषा शिकव नकोस. मी वाचलं की हात चालला पाहिजे. किलोभर मटण वाया गेलं तर पैसे तुझ्याकडून घेईन.’’ यंत्राच्या पत्रकात शब्द चुकला तर कुणीतरी फोन करून विचारतं. इथे थेट कढईत चुकणार होतं.

पहिली अडचण नावातच. पदार्थाचं नाव ‘होंगशाओ यांगरोउ’. होंग म्हणजे लाल, शाओ ही शिजवण्याची एक रीत, यांगरोउ म्हणजे मटण. हा शेवटचा शब्द मात्र अगदी चपखल बसतो. चिनीत ‘यांग’ म्हणजे मेंढीही आणि बकरीही, वेगळं सांगायचं तर डोंगरी यांग किंवा कापसाळ यांग म्हणायचं. आपलं ‘मटण’ही असंच दोघांना सामावून घेतं. पण ‘लाल’ धोक्याचा. मिरज-कोल्हापूर पट्ट्यात मटणाला लाल म्हटलं की समोर तांबडा रस्सा येतो आणि हात मिरचीपुडीच्या डब्याकडे जातो. या पाककृतीत मिरचीपूड नाहीच. इथला लाल रंग सोया सॉस आणि तांबूस केलेल्या साखरेचा आहे. तो कोऱ्या चहाकडे झुकणारा, लाकडी पॉलिशसारखा चकचकीत असतो.

जिन्नसांची गंमत अशी की अनोळखी वाटणाऱ्या यादीतलं निम्मं सामान आपांच्या बिर्याणीच्या डब्यात होतं. ‘आठ कोन’ नावाचा मसाला म्हणजे चक्रफूल. उर्दूत त्याला बादियान-ए-खताई म्हणतात, आणि खता म्हणजे जुन्या काळचा चीनच. दालचिनीच्या तर नावातच चीन आहे, फारसीत दार-चीनी म्हणजे चीनचं लाकूड. ‘बर्फसाखर’ म्हणजे आपली खडीसाखर. हे तीन शब्द भाषांतरित करायचे नव्हतेच, नुसते घरी परत आणायचे होते.

‘फुलमिरी’ म्हणजे ज्याला इंग्रजीवाले सिचुआन पेपर म्हणतात ते. हे मिरं नव्हे. ते कोकणातल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतात आणि जीभ जराशी बधिर होते, तोच गुण यात आहे. तिरफळ आकाराने मोठं आणि वासाला जास्त लिंबट असतं. म्हणून ‘दहा-बारा फुलमिरी’च्या जागी मी ‘चार तिरफळं, आतलं काळं बी काढून’ असं लिहिलं. मिरं लिहिलं असतं तर तिखटपणा आला असता, ती झिणझिण आली नसती.

मापं वरवर सोपी होती. ‘दोन जिन मटण’. आजच्या चीनमध्ये एक जिन म्हणजे अर्धा किलो, म्हणजे एक किलो मटण झालं. पण ‘कांदापात एक’ हे मात्र तसंच ठेवता येत नव्हतं. उत्तर चीनमधली पात अंगठ्याएवढी जाड आणि हातभर लांब असते. आपल्या बाजारातली एक काडी त्यात दिसणारही नाही. म्हणून पातीच्या पाच-सहा काड्या, पांढऱ्या भागासकट.

सोया सॉस दोन होते: शब्दशः एक ‘कोवळा’ आणि एक ‘जुना’. कोवळा पातळ आणि खारट, तो चवीसाठी. जुना दाट आणि काळपट, तो रंगासाठी. आपल्याकडे बाटल्यांवर लाइट आणि डार्क लिहिलेलं असतं, पण लाइट म्हणजे कमी मिठाचा असा समज होतो, आणि तो नेमका उलटा आहे. मी ‘चवीचा सोया सॉस’ आणि ‘रंगाचा सोया सॉस’ असं लिहिलं आणि कंसात बाटलीवरचं नाव दिलं. शिवाय मीठ शेवटच्या पायरीत ठेवलं, कारण रस आटला की खारटपणा वाढतो.

पानावर एक गोष्ट नव्हती. या पदार्थाच्या इतर चिनी पाककृतींत तांदळाची दारू दोन-तीन चमचे असते. तिचं मुख्य काम मटणाचा उग्र वास मारणं. त्या वासासाठी चिनीत स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याचं एक जुनं अक्षर तीन मेंढ्या एकत्र काढून लिहितात! हुई बाईंच्या पानात दारू नव्हती, म्हणून माझ्यावर काही गाळण्याची किंवा बदलण्याची पाळीच आली नाही. पण तिच्याऐवजी काय आहे ते मला शोधावं लागलं. ते दुसऱ्या ओळीत होतं. मटण थंड पाण्यात आलं आणि फुलमिरी टाकून उकळवायचं, फेस काढायचा आणि मटण निथळून घ्यायचं. दारूचं काम हे पाणी करतं.

या ओळीने मला सगळ्यात जास्त सावध केलं. आमच्याकडे मटण शिजवलं की त्या पाण्याची अळणी होते. ती कोणी टाकत नाही, मुलांना वाटीत देतात. नुसतं ‘मटण उकडून घ्या’ लिहिलं असतं तर आपांनी ते पाणी जपून ठेवलं असतं आणि नंतर रश्श्यात घातलं असतं. जो वास काढायचा तोच परत आत गेला असता. म्हणून मी लिहिलं: ‘हे पाणी ओतून टाका. ही अळणी नव्हे.’

मग क्रियापदं. ‘छाओ’ला शब्दकोश परतणे म्हणतो, आणि भाजीपुरतं ते बरोबर आहे. पण पानावर छाओ दोनदा होतं. एकदा साखरेला, एकदा मटणाला. ‘साखर परता’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. तिथे ‘तेलात साखर ढवळत राहा’ हवं. मटणासाठी मला आधी ‘भुनून घ्या’ सुचलं, आमच्या घरात तोच शब्द आहे. पण भुनणं म्हणजे तेल सुटेपर्यंत, वीस मिनिटं, पाण्याचा हबका मारत. इथे फक्त तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर फिरवायचं, तुकडे वरून कोरडे आणि कडेला तांबूस झाले की बस. साखर आधीच तांबूस असते. भुनत बसलं तर ती कडू होईल. म्हणून परतणेच ठेवलं, पण वेळेसकट.

‘शाओ’ला इंग्रजीत ब्रेझ म्हणतात. इंग्रजीमार्गे मराठीत आलो तर ‘मंद आचेवर शिजवा’ एवढंच हाती लागतं. चिनीत त्याचे भाग वेगळे आहेत. भरपूर पाण्यात सावकाश शिजवून सूप प्यायचं ती एक रीत, ती आपल्या यखनीजवळची. झाकण घट्ट ठेवून थोड्या रसात शिजवायचं ती दुसरी. शाओ म्हणजे आधी परतायचं, मग रसात झाकून शिजवायचं आणि शेवटी झाकण काढून रस आटवायचा. या तिन्हींना मिळून एक मराठी क्रियापद नाही, आणि ते घडवायचीही गरज नाही. मी त्याच्या तीन पायऱ्या केल्या. ‘दमावर ठेवा’ म्हणण्याचा मोह टाळला, कारण आपांनी कणकेने झाकण बंद केलं असतं आणि मधे हलवताच आलं नसतं.

उरलेल्या दोन ठिकाणी मराठीने चिनीपेक्षाही नेमके शब्द दिले. पानावर ‘उकळतं पाणी’ होतं, आपल्याकडे त्याला आधण आहे. आणि शेवटची ओळ होती ‘रस गोळा करा’. त्याला आपल्या जुन्या पाकपुस्तकांत तयार शब्द बसलेला आहे: अंगाबरोबर रस.

तर आपांना पाठवलेला मजकूर असा झाला:

एक किलो मटणाचे मोठे तुकडे थंड पाण्यात घाला. आल्याचे चार काप आणि दोन तिरफळं टाकून उकळी आणा. फेस काढत तीन मिनिटं ठेवा. मटण काढून कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण निथळू द्या. पाणी ओतून टाका, ही अळणी नव्हे.

कढईत दोन मोठे चमचे तेल आणि कुटलेली खडीसाखर दोन मोठे चमचे घाला. मंद आचेवर ढवळत राहा. साखर विरघळेल, पिवळी होईल, मग कोऱ्या चहाच्या रंगाची होऊन बारीक फेस येईल. त्याच क्षणी मटण घाला. धूर आला आणि काळपट झाली तर ती कडू झाली. टाकून द्या, कढई धुवा, नवी साखर घ्या. मटण ओलं असेल तर तेल अंगावर उडेल.

मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. आल्याचे चार काप, पातीचे लांब तुकडे, दोन चक्रफुलं, बोटभर दालचिनी, उरलेली दोन तिरफळं घाला. चवीचा सोया सॉस तीन मोठे चमचे, रंगाचा एक. मटण बुडेल एवढं आधणाचं पाणी ओता.

झाकण ठेवून मंद आचेवर तास-सव्वा तास शिजवा. मधे दोनदा हलवा. कुकर वापरला तर पाणी निम्मं घाला आणि शिजल्यावर परत कढईत काढा.

मटण मऊ झालं की झाकण काढा, आच मोठी करा. रस अंगाबरोबर आणा. बुडबुडे मोठे आणि जड होतील, डाव फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसेल, तुकड्यांना चकाकी येईल. आता चाखा आणि लागलं तरच मीठ घाला.

नाव उरलं होतं. ‘लाल मटण’ नको होतं, आणि ‘चायनीज मटण’ म्हटलं की गिऱ्हाईक ढोबळी मिरची आणि कॉर्नफ्लॉवर शोधतं. मी ‘तांबूस मटण’ लिहून पाठवलं. आपांनी पहिल्या खेपेला भाच्याला जेवायला बोलावलं. त्याने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, तिरफळ थोडं कमी चालेल, बाकी तेच. आपांच्या ऑर्डरीच्या यादीत आता ते आहे, पण नाव त्यांनी स्वतःचं दिलंय: ‘खडीसाखरेचं मटण’. मला माझ्या नावापेक्षा ते बरं वाटलं. त्यात रंगही येतो, चवही येते, आणि कोणी मिरचीपुडीला हात लावत नाही.