नऊ वाजताचा फोन

पुण्यातली नोकरी मी अप्पांच्या गोळ्यांच्या वेळांसाठी सोडली, हे सांगितलं की लोकांना पटत नाही. आईवडिलांसाठी नोकरी सोडली म्हटलं की ऐकणाऱ्याला ऑपरेशन, आयसीयू असं काहीतरी मोठं अपेक्षित असतं. पण तसल्या प्रसंगाला पुणं सोलापूरपासून लांब नाही. संध्याकाळची हुतात्मा पकडली की रात्री दहाच्या सुमाराला सोलापूर स्टेशन, आणि 2023पासून वंदे भारतही आहे. लांब पडतं ते रोजच्या बारीकसारीक गोष्टींना.

अप्पांना पार्किन्सन्स आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, पेन्शन आहे, घर जुळे सोलापुरात स्वतःचं आहे. आईला शुगर. भाऊ जर्मनीत. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळत होते. रोज रात्री नऊला घरी फोन करायचे आणि अप्पा खणखणीत आवाजात सांगायचे, "मी एकदम बराय. तू तुझं बघ." आई मागून म्हणायची, "दिवसा येऊन बघ एकदा." आई दमलीय, म्हणून चिडतेय, असं आम्ही भावंडं धरून चाललो होतो.

मग रजा टाकून राहायला गेले, तेव्हा दिवस दिसला. सकाळी अप्पा पलंगावरून उठू शकत नव्हते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. अकराच्या सुमाराला स्वतःहून पेपर घेऊन अंगणात. दीडपर्यंत पुन्हा जड, हातात चमचा धरवेना. एक जुनी शाळेची वही घेतली आणि तासातासाला लिहायला लागले: गोळी किती वाजता, खाल्लं काय, चालतायत की अडकतायत.

आठवडा भरला तशी वही बोलायला लागली. पार्किन्सन्सची मुख्य गोळी म्हणजे लेवोडोपा. तिचा असर ठरावीक तासच टिकतो. अप्पांच्या बाबतीत साधारण साडेतीन तास. गोळ्या चालू होत्या सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, आणि त्याही आपल्याकडच्या सवयीप्रमाणे जेवण झाल्यावर. सकाळची तर दुधाबरोबर. लेवोडोपाचं दूध-डाळीशी, म्हणजे प्रथिनांशी, जमत नाही. दोन्ही एकाच वाटेनं रक्तात जातात आणि गोळी मागे राहते. मधले तास अप्पा गोळीविनाच काढत होते. आणि माझा फोन रात्री नऊचा, आठच्या गोळीचा असर सुरू होत असतानाचा. अप्पा खोटं बोलत नव्हते. त्या वेळेला ते खरंच बरे असायचे.

न्यूरॉलॉजिस्टनी वही वाचली. गोळ्यांचा एकूण डोस फारसा वाढवला नाही, तोच चार वेळांत विभागला: सहा, दहा, दोन, सहा. प्रत्येक गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. दूध रात्री झोपताना. पंधरवड्यात अप्पा दुपारचं जेवण स्वतःच्या हातानं जेवायला लागले. (हे वाचून कुणी आपल्या माणसाच्या गोळ्या मनानं हलवू नयेत. ही गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेततं.)

दुसरी गोष्ट पाण्याची. उजनीतून सोलापूरला पाणी येतं ते रोज नाही, काही दिवसांआड, आणि तेही कधी मध्यरात्रीनंतर. चाळीस वर्षं अप्पांनी त्या नळाच्या आवाजाला उठून टाकी भरली आहे. तसेच एका रात्री उठले, दोन पावलं टाकली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर आदळले. हाड वाचलं. जवळच्या एका डॉक्टरांनी चक्कर म्हणून चक्करची गोळी दिली. चार-पाच दिवसांत अप्पांची मान, खांदे लाकडासारखे झाले, चेहरा हलेना. आजार वाढला असंच आम्हाला वाटलं असतं, पण वहीत गोळी सुरू झाल्याची तारीख होती. प्रोक्लोरपेरेझिन, सिनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड ही औषधं पार्किन्सन्सच्या माणसाला जड जातात, कारण मेंदूत डोपामिनचं जे काम आधीच कमी पडतंय, तेच ती अडवतात. न्यूरॉलॉजिस्टनी ती गोळी थांबवली. आता या तीन नावांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे आणि एक अप्पांच्या पाकिटात.

चक्कर मुळात आली कशामुळं, तेही घरीच सापडलं. आडवं असताना अप्पांचं वरचं बीपी 138, उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांत 104. वरचा आकडा वीसनं किंवा त्याहून जास्त उतरला तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं. दवाखान्यात खुर्चीत बसवून बीपी घेतात, त्यात हे दिसत नाही. जुनी बीपीची गोळी डॉक्टरांनी कमी केली. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी किती प्यायलं याचा वहीत वेगळा रकाना आला. टाकीला आपोआप चालू-बंद होणारी मोटर बसवली आणि अप्पांना बजावलं: उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. तरी नळ वाजला की ते हाक मारतातच, "पाणी आलं गं!"

एवढ्यात रजा संपली. कोरोनात घरून काम मिळालं होतं, पण आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचंच असा नियम झाला होता. मी सहा महिने बिनपगारी मागितले. बाळंतपणासाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे. आईवडिलांसाठी खासगी नोकरीत तसं काही नाही. कंपनीनं नम्रपणे नाही म्हटलं आणि मी राजीनामा दिला. प्रमोशन तोंडाशी आलं होतं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आईवडिलांपुढं करिअर काय, असं म्हणणाऱ्यांनी स्वतःचं कधी सोडलेलं नसतं. नवरा आणि कॉलेजातला मुलगा पुण्यातच राहिले. गल्लीतल्या बायकांनी आईला हळूच विचारलं, "जावयांशी काही झालं का?"

अप्पांना पुण्याला आणून पाहिलं होतं. नवव्या मजल्यावर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. बोलणं थांबलं, चालणं थांबलं, आणि या आजारात जे थांबतं ते परत आणणं अवघड असतं. सोलापुरात निदान कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणं होतं आणि वाटेत जुने विद्यार्थी भेटतात.

आता ब्युरोकडून आलेली एक बाई दिवसभर असते. तिचा पगार भाऊ पाठवतो. ती वही लिहिते, बीपी घेते, सहाच्या गोळीला सहालाच घड्याळ लावते. तिला हे शिकवायला मला दोन-तीन महिने लागले आणि ते शेजारी बसूनच शिकवता आलं. मी दुसऱ्या कंपनीचं काम घरून करते, पगार आधीच्या साठ टक्के. गरज पडली की पहाटेची हुतात्मा पकडून पुण्यात जाते आणि रात्री तिनंच परत येते.

मागं वळून हिशेब मांडला तर मला नोकरी सोडायची गरज नव्हती, सहा महिन्यांची सुट्टी पुरली असती. ती कुणी देत नाही म्हणून राजीनामे पडतात, आणि बहुतेक बायकांचे पडतात. तुमच्या घरी हा प्रश्न उभा असेल तर राजीनामा लिहिण्याआधी दोन आठवडे गावी जाऊन राहा आणि तासातासाची वही लिहा. ती डॉक्टरांना दाखवा. तुमच्यावाचून अडणारं काम नेमकं कोणतं आणि शिकवून दुसऱ्याला देता येईल असं कोणतं, हे त्यात निघेल. नोकरीचं त्यानंतर ठरवा. आणि तोपर्यंत फोन रोज वेगवेगळ्या वेळी करा.