परतीच्या प्रवासाचे नाव

स्थलांतरित कामगाराच्या घरी परतण्यावर लघुपट काढायचा, तर त्याचे शीर्षक सहज सुचेल असे आपल्याला वाटते. 'परतवाट', 'घराकडे', 'परतीचा प्रवास' अशी नावे ओळीने पुढे येतात. ती ऐकायला गोड आहेत. अडचणही तिथेच आहे. या प्रत्येक नावात एक आश्वासन दडलेले असते. वाट संपेल, घर येईल आणि घर आले की दुःखही संपेल, असे ते नाव प्रेक्षकाला चित्रपट सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकते. त्या माणसाच्या बाबतीत हे खरे आहे का, हा प्रश्न शीर्षक ठरवताना सर्वांत आधी विचारावा लागतो.

एका लघुपटाच्या संवादलेखनात माझा सहभाग होता. त्याच्या नावाचा शोध मी आपल्यापुढे मांडतो. लघुपट 16 मिनिटांचा. बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड जोडपे सांगली जिल्ह्यातल्या कारखान्याचा हंगाम संपवून गावी परतते, एवढीच त्याची कथा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोपीचे बांबू, चटया, पत्र्याची पेटी, सरपण, दोन कोंबड्या आणि टोळीतील माणसे. सुमारे 300 किलोमीटरचा रस्ता, एक दिवस आणि एक रात्र. गावात आजीजवळ राहून शिकणारी त्यांची मुलगी वाट पाहत असते.

या प्रवासाला एक आर्थिक चौकट आहे. ती समजल्याशिवाय नावाची चर्चा समजणार नाही. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुकादम जोडप्याला आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामाचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनांवर त्यांची मजुरी मोजली जाते आणि ती उचलीतून वळती होते. आमच्या कथेतील जोडप्याने 1,20,000 रुपये उचल घेतली होती. फेब्रुवारीत पत्नी आजारी पडल्याने काही आठवडे काम निम्म्यावर आले. हंगामाअखेर मजुरी झाली 92,000 रुपये. म्हणजे ते घरी परततात तेव्हा कमाई घेऊन येत नाहीत. 28,000 रुपयांचे देणे घेऊन येतात. हे देणे फेडण्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांना पुन्हा त्याच मुकादमाबरोबर निघावे लागणार आहे.

आता 'परतीचा प्रवास' हे नाव या कथेशी ताडून पाहा. या जोडप्याचे घरी येणे हा प्रवासाचा शेवट नाही. दोन हंगामांमधला तो मुक्काम आहे. नाव मात्र त्यालाच शेवट म्हणते. 'घरवापसी' हा शब्दही कोणीतरी सुचवला होता. त्याला गेल्या काही वर्षांत धर्मांतराच्या राजकारणाचा असा घट्ट अर्थ चिकटला आहे, की फलकावर तो वाचणारा माणूस ट्रॅक्टरमधल्या मजुराची कल्पनाच करणार नाही. शब्दकोशातील अर्थ निर्दोष असला, तरी प्रेक्षकाच्या मनात आज कोणता अर्थ आधी जागा होतो, हे शीर्षकाला टाळता येत नाही.

याच विषयावरील काही चित्रपटांची नावे आठवून पाहिली, तेव्हा विचाराला दिशा मिळाली. मुजफ्फर अली यांच्या 1978 च्या 'गमन'मध्ये उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन टॅक्सी चालवणारा नायक गावी जाण्यासाठी तळमळतो, पण त्याला जाता येत नाही. चित्रपटाचे नाव केवळ जाण्याचे आहे. परतण्याचा शब्द त्यात नाही, आणि नायकाच्या आयुष्यातही तो नाही. बिमल रॉय यांच्या 1953 च्या 'दो बिघा जमीन'चे नाव प्रवासाविषयी बोलतच नाही. ज्या जमिनीसाठी शंभू कोलकात्यात रिक्षा ओढतो, तिचे माप एवढेच त्यात आहे. तो गावी परततो तेव्हा जमीन हातची गेलेली असते, आणि मग ते कोरडे माप जखमेसारखे वाटू लागते. विनोद कापरी यांचा '1232 केएमएस' हा माहितीपट 2020 च्या टाळेबंदीत गाझियाबादहून बिहारमधील सहरसाकडे सायकलने निघालेल्या सात मजुरांचा आहे. तिथे अंतर हाच संघर्ष असल्यामुळे अंतराचा आकडा नाव म्हणून पुरतो.

या तीन नावांत एक समान गोष्ट दिसते. त्यांपैकी एकही नाव भावना सांगत नाही. प्रत्येक नाव त्या माणसाची कोंडी जिथे आहे, नेमक्या त्या जागेवर बोट ठेवते. 'गमन'मध्ये ती एकेरी वाटेत आहे, 'दो बिघा जमीन'मध्ये मालकीत आहे आणि तिसऱ्यात अंतरात. आमच्या जोडप्याची कोंडी अंतरात नव्हती. ट्रॅक्टर त्यांना घरी पोहोचवणारच होता. ती घराच्या ओढीतही नव्हती. ती हिशेबात होती.

तरीही दिग्दर्शकाचा ओढा वेगळ्या नावाकडे होता: 'पट्टा पडला'. ऊसतोडीच्या भागात हंगाम संपून कारखाना बंद होतो, तेव्हा हे शब्द उच्चारले जातात. कामगारांच्या तोंडचा, मातीतला शब्द म्हणून तो त्याला प्रिय होता. शहरातील प्रेक्षकाला तो कळणार नाही, हा आक्षेप मला पुरेसा वाटला नाही. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतील डुकरासाठीचा शब्द बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना अपरिचित होता; नागराज मंजुळे यांच्या चित्रपटानेच तो त्यांना समजावला. अपरिचित शब्द चित्रपट शिकवू शकतो. माझी अडचण दुसरी होती. पट्टा पडतो तो कारखान्याचा. हे नाव कारखान्याच्या कालगणनेतून बोलते. कामगाराचे काय संपले आणि काय उरले, यावर ते गप्प राहते.

'अर्धा कोयता' हे नावही बराच काळ चर्चेत होते. जोडप्यापैकी एकच जण काम करत असेल, तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. पत्नी आजारी पडल्यानंतर पती तसाच उरला होता. शब्द नेमका होता, पण त्यामुळे कथेचा भार तिच्या आजारावर गेला असता आणि देणे जणू त्या आजारामुळेच झाले असा समज झाला असता. शिवाय वृत्तपत्रांतून 'कोयता गँग' इतक्या वेळा वाचनात आली आहे, की फलकावरचे हे नाव गुन्हेगारीच्या चित्रपटाचे वाटण्याचा धोका होता. फलकावर नाव एकटे असते. त्याच्या मदतीला कथा नसते.

शेवटी ज्या नावापाशी आम्ही थांबलो, ते पटकथेतच होते. निघण्याआधी मुकादम वही मिटताना म्हणतो, "राहिली बाकी अठ्ठावीस हजार. दसऱ्याला ये, मग बघू." आणि शेवटच्या दृश्यात मुलगी ती हिशेबाची चिठ्ठी वाचते, आपल्या पाटीवर दोन्ही आकडे मांडते आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे वजाबाकी करते. 'बाकी' हा शब्द या दोन्ही ठिकाणी आहे. मुकादमाच्या तोंडी तो देणे आहे. मुलीच्या पाटीवर ते गणिताचे उत्तर आहे. 'बाकी सगळे ठीक' असे आपण रोज म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाचा तिसरा, निरुपद्रवी अर्थ असतो. ट्रॉलीतून फोनवर बोलताना पत्नीही तसेच म्हणते. लघुपटापूर्वी हे नाव वाचणाऱ्याला ते साधे, किंचित अपुरे वाटते. लघुपट पाहिल्यावर तोच शब्द त्याला पुढच्या दसऱ्यापर्यंत घेऊन जातो.

नाव ठरल्यावर संवादांकडे पुन्हा पाहावे लागले, आणि ही पायरी अनेकदा राहून जाते. मूळ संहितेत मुलगी गणित करून मोठ्याने "बाकी अठ्ठावीस हजार" असे म्हणत होती. 'बाकी' हे शीर्षक झाल्यावर ते वाक्य जड झाले. लेखक प्रेक्षकाला कोपरखळी मारतो आहे, असे वाटू लागले. आम्ही ते काढले. आता ती फक्त आकडा लिहिते आणि वडिलांकडे पाहते. शब्द मुकादमाने सुरुवातीला सहज उच्चारलेला पुरतो. शीर्षकाचा शब्द पात्राने कळसाच्या क्षणी उच्चारला, तर प्रेक्षकाने स्वतः जोडायचा दुवा आपण त्याच्या हातून काढून घेतो.

दोन मर्यादा मात्र राहिल्या. पहिली भाषांतराची. इंग्रजी उपशीर्षकांसाठी देणे, वजाबाकीतले उत्तर आणि 'इतर सगळे' हे तिन्ही अर्थ पेलणारा एक शब्द सापडला नाही. 'बॅलन्स' म्हटले की खात्यातील शिल्लक आधी आठवते, म्हणजे अर्थ जवळजवळ उलटतो. म्हणून नाव मराठीच ठेवले आणि मुकादमाच्या वाक्याच्या भाषांतरात देण्याचा अर्थ स्पष्ट केला. दुसरी मर्यादा शब्दाच्या साधेपणाची. असा रोजचा शब्द आणखी कोणीही नाव म्हणून वापरू शकतो. केवळ शीर्षकावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'देसी बॉईज' या नावावरील वादात स्पष्ट केले आहे. निर्मात्यांच्या संघटनांकडे नावाची नोंद करता येते, परंतु ती प्रामुख्याने सभासदांमधली शिस्त आहे. नाव सर्वस्वी आपलेच राहावे, असा आग्रह असेल, तर त्याला एखादा विशेष शब्द जोडावा लागतो. आम्ही तो जोडला नाही, कारण 'ऊसतोडीची बाकी' म्हणताच पाटीवरची वजाबाकी आणि फोनवरचे 'बाकी सगळे ठीक', दोन्ही हरवतात.

आपल्या हाती अशी एखादी कथा आली, तर सुचलेले प्रत्येक नाव तिच्या शेवटच्या दृश्याशेजारी ठेवून पाहा. कामगार उंबऱ्यावर उभा आहे, घरात चूल पेटली आहे आणि पडद्यावर आपले शीर्षक उमटले आहे, अशी कल्पना करा. ते नाव उंबऱ्यापाशीच थांबत असेल, तर त्याला खरोखर तिथे थांबता येते का, हे कथेतील हिशेबाला विचारा. आमच्या लघुपटात मुलीने पाटी पुसून ठेवली, तरी मुकादमाच्या वहीतला आकडा तसाच होता.