भाड्याची तारीख

गाळ्याचे भाडे दरमहा 5 तारखेस द्यावयाचे असे. या महिन्यात एका ग्राहकाची उधारी अडकली आणि दुकानदाराने मालकीणबाईंसाठी चिठ्ठी लिहिली. तीत मंदीचे रडगाणे होते, जुन्या संबंधांची आठवण होती आणि शेवटी ‘लवकरच भागवतो’ एवढेच. थोरल्या भावाने ती वाचून विचारले, “लवकर म्हणजे केव्हा? काकूंचा घरखर्च या भाड्यावरच चालतो.”

ग्राहकाचा धनादेश गुरुवार, 12 तारखेचा होता. शुक्रवारी तो वटला नाही, तर दुसरा शनिवार आणि रविवार बँक बंद. मग सोमवार उजाडणार. म्हणून एक दिवस हाताशी ठेवून मंगळवार, 17 तारीख ठरली. चिठ्ठीतून ग्राहकाचा उल्लेख मात्र गाळला. धनादेश परत आला, तरी दिलेली तारीख पाळावयाची होती; तशी वेळ आल्यास रक्कम भाऊ देणार होते.

नवी चिठ्ठी अशी झाली :

“आदरणीय काकू, सादर जयजिनेंद्र. या महिन्याचे 18,000 रुपये भाडे 5 तारखेस पूर्ण देता येत नाही, याबद्दल दिलगीर आहे. 6,000 रुपये आज पाठवीत आहे. उरलेले 12,000 रुपये मंगळवार, दि. 17 रोजी सायंकाळपर्यंत आपल्या खात्यात जमा करीन. पुढील भाडे नेहमीप्रमाणे 5 तारखेसच मिळेल. ही मुदत आपणांस सोयीची आहे का, कृपया कळवावे.”

चिठ्ठी 2 तारखेलाच पोहोचली. काकूंनी होकार कळविला. त्यांना वाण्याचे बिल पुढे ढकलण्यास तीन दिवस मिळाले होते.