दर संकष्टीला डिशवॉशरची आंघोळ

गेल्या महिन्यात काही लिहिणं झालं नाही. आज विषय जरा वेगळा आहे. हसू नका, पण तो आहे डिशवॉशरच्या दाराचं रबर!

आमच्याकडे हे मशीन आलं २०२१ साली. सौ.ची दोन्ही मनगटं दुखायची, कढई घासून झाली की रात्री शेकत बसावं लागायचं. लेकीने परस्पर मशीन मागवलं आणि फोनवर दम दिला, "बाबा, आईने आता सिंकपाशी उभं राहायचं नाही." दीड-दोन वर्षं छान चाललं. मग एकदा दार उघडलं तर आतून कुबट वास. शिळ्या आमटीचं पातेलं दोन दिवस झाकून ठेवल्यासारखा. हिने दोन वाट्या हुंगल्या आणि काही न बोलता पुन्हा हाताने भांडी घासायला सुरुवात केली. ते मला लागलं. मशीन ओट्याखाली नुसतं उभं, आणि हिचा शेक पुन्हा सुरू!

मी दुकानातून डिशवॉशर क्लीनरची बाटली आणली आणि मशीन रिकामं चालवलं. आठ दिवस वास गेला, नवव्या दिवशी परत हजर. दुसरी बाटली आणली, तोच प्रकार. त्यातच एके सकाळी मशीनच्या पुढे फरशीवर पाण्याचे थेंब दिसले. म्हटलं, आता मोठा खर्च आला.

दुरुस्तीला आलेला मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्याने मशीन उघडलंसुद्धा नाही. दार पूर्ण खाली पाडलं, खिशातली बॅटरी लावली आणि म्हणाला, "काका, इथे वाकून बघा." चष्मा सावरत वाकलो. दाराची खालची कड, म्हणजे बिजागरीजवळची, दार बंद असताना कधीच न दिसणारी, तिथे काळपट चिकट थर साचला होता. आणि खालच्या कोपऱ्यात, रबराच्या घडीत, कोथिंबिरीची एक काडी आडवी अडकलेली. तेवढ्या काडीने रबर नीट टेकत नव्हतं, आणि पाणी तिथून झिरपत होतं.

मग त्याने जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत वर्गात इतक्या सोप्या भाषेत काही सांगितलं असेन की नाही, शंका आहे. "काका, मशीन तेवढंच धुतं, जिथे त्याचं पाणी पोचतं." आतले पंखे फिरतात, पाणी उडतं, ते भांड्यांवर आणि भिंतींवर. दाराच्या रबराचं कामच पाणी अडवायचं. त्यामुळे रबराच्या घडीच्या आत आणि रबराच्या बाहेरच्या कडेला पाण्याचा फवारा जातच नाही. जातो तो नुसता ओघळ, तेलकट आणि खरकटा. तिथे तो थंड होतो, थिजतो, आणि अंधारात, ओलाव्यात कुजतो. माझ्या दोन्ही बाटल्यांचं औषध त्याच पाण्यातून फिरलं होतं. मग ते तिथे पोचणार कसं?

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. संकष्टीला दोघांचाही उपास असतो, चंद्रोदयापर्यंत भांडी जवळजवळ नसतात, म्हणून मशीन गार आणि रिकामं मिळतं. वीस मिनिटांचं काम आहे. तारीखही लक्षात ठेवावी लागत नाही, कॅलेंडरवर छापलेलीच असते.

आधी बटण बंद करतो. खालची जाळी बाहेर काढून ठेवतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाकायचा, जास्त नको, नाहीतर पुढच्या धुण्यात फेस होतो. जुना मऊ टूथब्रश आणि धोतराचा एक तुकडा, बस. दोन्ही बाजू आणि वरची कड अशा तिन्हीकडून जाणारं रबर बोटाने हलकेच उघडून घडीच्या आतून पुसायचं. मग दाराच्या खालच्या कडेची वेगळी पट्टी, तिच्या खालचा भाग आणि समोरचा मशीनचा ओठ. खालचे दोन्ही कोपरे मी ब्रशने दोनदा काढतो, सगळा माल तिथेच दडतो. साबणाच्या कप्प्याच्या झाकणाची कडही त्यातच उरकायची. शेवटी स्वच्छ ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. झालं की नाही हे कळायला पांढरा टिश्यू घडीतून फिरवावा. करडा आला तर पुन्हा पुसायचं.

इथे दोन गोष्टी जपायच्या. खालच्या कडेवर तांब्याने पाणी ओतायचं नाही. ती जागा रबराच्या बाहेरची, तिथलं पाणी खाली विजेच्या भागाकडे जाऊ शकतं. आणि ब्लीच अजिबात वापरायचं नाही, रबर आणि स्टील दोन्ही खराब होतात. हळदीचा पिवळेपणा रबरावर राहिला तर राहू द्या, तो डाग आहे, मळ नव्हे. पण रबर कडक झालं, चिरलं किंवा खाचेतून निघून अंगठ्याने दाबूनही बसेना, तर मात्र बदलावंच लागतं.

मग ती बाटली फुकट का? मुळीच नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, जड. आतल्या स्टीलवर पांढुरकी साय दिसू लागते, काचेचे पेले धुरकट निघतात. अशा वेळी त्या पांढऱ्या जागेवर लिंबाचा थेंब ठेवून बघतो. दोन मिनिटांनी पुसल्यावर ती जागा चकचकीत झाली, तर तो क्षार आहे. भिंतीला बोट लावून तेलकट लागलं, तर ते तूप-तेल. दोन्हीवर क्लीनर उपयोगी पडतो, कारण ते पंख्यांच्या भोकांत आणि आतल्या नळ्यांतही असतं, जिथे आपला हात पोचत नाही. बाटली उलटी ठेवायची, सर्वांत गरम पाण्याचा प्रोग्राम लावायचा, मशीन रिकामं, साबण नाही. बाटलीच्या बुचातलं मेण खरवडून काढू नका (मी पहिल्यांदा काढलं होतं!). ते गरम पाण्याने वितळून औषध योग्य वेळी सुटावं म्हणूनच असतं. मात्र आधी हाताने कडा पुसायच्या, गाळणी धुवायची, आणि मगच क्लीनर.

आम्हाला तो तीन महिन्यांतून एकदा पुरतो. एका मे महिन्यात आठवड्यातच पांढरी साय परत आली, तेव्हा कळलं की मिठाचा कप्पा रिकामा होता. पाणी मऊ करायचं काम त्या मिठाच्या जोरावर चालतं. मीठ नसेल तर कितीही बाटल्या आणा, क्षार येतच राहणार.

काडी काढली त्या दिवशी फरशी कोरडी राहिली. वास जायला मात्र दोनदा पुसावं लागलं. संध्याकाळी हिने दार उघडलं, हुंगलं, आणि कढई गुपचूप खालच्या जाळीत ठेवली. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

आता काम झालं की दार बोटभर उघडं ठेवतो, आतली वाफ निघून जाते. परवा ही म्हणाली, "अहो, संकष्टी आहे, फडकं कुठे ठेवलंत?" म्हणजे आता तीही सामील! असो. तुमच्याकडे मशीन असेल तर आज एकदा दार पूर्ण पाडून, बॅटरी घेऊन, खाली वाकून बघा. काय सापडलं ते जरूर कळवा.