गुलाबी रंग टिकला पाहिजे

पोटॅशियम परमँगनेटशी माझी ओळख गावच्या विहिरीवर झाली. पावसाळा लागला की ग्रामपंचायतीचा माणूस कागदाच्या पुडीतून काळपट जांभळे, चकाकणारे खडे आणायचा, बादलीत विरघळवायचा आणि विहिरीत ओतायचा. पाणी गुलाबी व्हायचं. आम्हा मुलांना त्या रंगाचं अप्रूप. आजीचं लक्ष मात्र तो किती वेळ राहतो याकडे. संध्याकाळच्या आत रंग उडाला की ती म्हणायची, "आत अजून घाण आहे, आणखी टाकायला सांगा त्याला." आता विहिरीत टीसीएल पावडर पडते आणि ती पाण्याला रंग देत नाही, त्यामुळे काठावर उभं राहून असा निवाडा करायची सोय राहिली नाही.

आजी बरोबर बोलत होती हे मला बारावीच्या प्रयोगशाळेत समजलं. परमँगनेट समोरच्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं आणि तसं करताना स्वतःचा रंग गमावतं. कुजलेला पाला, गाळ, जिवाणू, सगळे त्याला इलेक्ट्रॉन देतात. देणारे संपले की उरलेलं परमँगनेट जांभळंच राहतं. प्रयोगशाळेत पाल्याच्या जागी मोहरचं मीठ होतं, म्हणजे फेरस लोह, आणि बादलीच्या जागी ब्युरेट. एवढाच फरक. ब्युरेटमधून थेंब पडतो, फ्लास्कमध्ये क्षणभर गुलाबी दिसतो आणि हलवताच नाहीसा होतो. शेवटी एक थेंब असा पडतो की रंग जात नाही. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की तोटी बंद. वेगळा दर्शक लागत नाही. फ्रान्समध्ये मार्गेरित यांनी १८४६ साली लोह मोजायला परमँगनेट वापरलं, त्यामागेही हीच सोय आहे.

MnO4⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H2O

या ओळीतला पाच हा आकडा तेवढा लक्षात ठेवायचा. परमँगनेटचा एक आयन पाच फेरस आयनांकडून एकेक इलेक्ट्रॉन घेतो. बारावीत आम्ही आधी पायलट रीडिंग घ्यायचो, मग सारखी रीडिंग येईपर्यंत पुन्हापुन्हा, आणि वहीत 'सी.बी.आर.' लिहून मोकळे व्हायचो. त्या आकड्याचं पुढे कुणाला काही काम असेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ते काम पुढे नोकरीत भेटलं. गोळ्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या तपासणी विभागात मी होते आणि तिथे लोहाच्या गोळ्या यायच्या. साधा फेरस सल्फेट, लेबलवर प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. झटपट अंदाजासाठी आम्ही परमँगनेटच वापरायचो.

पाच गोळ्या खलात कुटायच्या आणि विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवायच्या. आम्ल आधीपासून हवं. साध्या पाण्यात फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू फेरिक होतं आणि फेरिककडे परमँगनेटला द्यायला काही उरलेलं नसतं. वेष्टनाचा आणि पिठाचा न विरघळलेला भाग गाळून काढायचा, गाळणकागद आम्लाने धुवायचा आणि सगळं मिळून २५० मिलिलिटर करायचं. त्यातले २५ मिलिलिटर पिपेटने फ्लास्कमध्ये घ्यायचे, वर थोडं फॉस्फोरिक आम्ल. तयार होणाऱ्या फेरिक लोहाची पिवळसर झाक गुलाबीवर नारिंगी छटा चढवते. फॉस्फोरिक आम्लाने ती झाक जाते आणि शेवट स्वच्छ दिसतो. ब्युरेटमध्ये ०.००५ मोलर परमँगनेट. त्याचा रंग इतका गडद की द्रवाची खालची कड दिसतच नाही, म्हणून वाचन वरच्या कडेचं घ्यायचं, सुरुवातीला आणि शेवटीही.

समजा वाचन आलं २१.२ मिलिलिटर. २१.२ ला ०.००५ ने गुणलं की परमँगनेट ०.१०६ मिलिमोल. पाचाने गुणलं की लोह ०.५३ मिलिमोल. लोहाचा अणुभार ५५.८५, तेव्हा २९.६ मिलिग्रॅम. हे झालं दहाव्या हिश्श्यात. पूर्ण २५० मिलिलिटरमध्ये २९६, आणि त्या पाच गोळ्या होत्या म्हणून गोळीमागे ५९.२. लेबलच्या ६० ला हे जवळच आहे. रोज करणारी माणसं एवढं लिहीत नाहीत. या तीव्रतेच्या परमँगनेटचा एक मिलिलिटर म्हणजे १.३९६ मिलिग्रॅम लोह, हे पाठ असतं. वाचनाला त्याने गुणायचं.

हे सगळं परमँगनेटची तीव्रता खरी असेल तर. ते स्वतः भरवशाचं नाही. उजेडात विघटतं, बाटलीच्या तळाशी तपकिरी मँगनीज डायऑक्साइड धरतं. म्हणून ते गडद बाटलीत ठेवायचं आणि वापरण्याआधी ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून घ्यायचं. ऑक्झॅलिकचं द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि तरीही पहिले काही थेंब रेंगाळतात. मग एकाएकी रंग भराभर उडू लागतो, कारण तयार झालेलं मँगनीजच पुढच्या थेंबांना घाई करतं. मला अख्ख्या पद्धतीत हाच भाग सगळ्यात आवडायचा.

चुका ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. फ्लास्क तपकिरी गढूळ झाला तर आम्ल कमी पडलं. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक वापरलं तर लोहाच्या सोबतीने क्लोराइडही ऑक्सिडाइज होतं आणि वाचन फुगतं. गुलाबी रंग येऊन पुन्हा पुन्हा विरत असेल, तर वेष्टनातली साखर सावकाश परमँगनेट खाते आहे. औषधकोशाच्या पद्धतीत फेरस सल्फेटच्या गोळ्यांसाठी सेरिक क्षार आणि फेरोइन दर्शक येतो तो याचसाठी. सेरिक साखरेच्या नादी फारसं लागत नाही. आमचा परमँगनेटचा आकडा कारखान्याच्या आत चालायचा, प्रमाणपत्रावर जायचा नाही.

पुढे गरोदरपणात मला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा सवयीने पट्टी उलटून पाहिली. फेरस ॲस्कॉर्बेट. ही गोळी परमँगनेटला देऊन उपयोग नव्हता. ॲस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्वच, आणि तेही खुशाल इलेक्ट्रॉन देतं: एक रेणू निदान दोन. त्याच्या ८८ मिलिग्रॅमने ब्युरेटचं वाचन जवळजवळ ५६ मिलिग्रॅम लोहाइतकं वाढतं. फेरस फ्युमरेटमध्ये फ्युमरेटचा दुहेरी बंध असाच आड येतो. उलट, जुन्या, तपकिरी ठिपके पडलेल्या फेरस सल्फेटच्या गोळीचं वाचन कमी येतं. तिच्यातलं लोह कुठेही गेलेलं नसतं, फक्त फेरिक झालेलं असतं. विहिरीत असो की फ्लास्कमध्ये, परमँगनेट इलेक्ट्रॉन देणारे मोजतं. देणारा एकटा फेरस लोहच आहे, ही खात्री आपण आधी करायची असते.

एक गोष्ट मात्र ब्युरेटशिवाय तपासता येते. पट्टीवर वाळवलेल्या फेरस सल्फेटचं वजन ३३५ मिलिग्रॅम छापलेलं असेल, तर त्यातलं लोह सुमारे १०० मिलिग्रॅम असतं. बाकीचं वजन सल्फेटचं आणि थोड्या पाण्याचं. दोन कंपन्यांच्या गोळ्या शेजारी ठेवून तुलना कराल, तेव्हा क्षाराचं वजन सोडा आणि 'एलिमेंटल आयर्न'समोरचा आकडा वाचा.