भाषण कापलं म्हणजे भूमिका कापली का?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या एका विशेषांकासाठी मी कथा पाठवली होती. आठ दिवसांनी ती परत आली. नाकारली नव्हती, पण शेवटच्या दीड पानावर पेन्सिलीने उभी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘हे सुमेध बोलत नाही, तू बोलते आहेस.’

मला राग आला. कारण ते दीड पान म्हणजेच माझी कथा होती, असं मला वाटत होतं.

कथा साधी होती. सुमेध गजभिये हा नोकरीला लागलेला मुलगा आईला घेऊन पश्चिम नागपुरात भाड्याची खोली पाहायला जातो. खोली आवडते. मग घरमालक पूर्ण नाव विचारतो, मूळ गाव विचारतो, घरात मांसाहार चालतो का विचारतो आणि शेवटी सांगतो की पुतण्या येणार आहे, खोली त्याच्यासाठी ठेवावी लागेल. यावर सुमेध उभा राहतो आणि बोलतो: “काका, तुम्ही आडनाव नाही विचारलं, जात विचारली. गावात वेस होती, शहरात तुम्ही आडनावाची वेस बांधली. शिकलो, नोकरी मिळवली, तरी तुमच्या दारात मी आधी जात आणि मग माणूस. संविधानाच्या कलम १५ने तुमचा हा अधिकार काढून घेतला आहे...” असं दीड पान. वाक्यं एकतीस.

संपादक निवृत्त शिक्षक. आमच्याच चळवळीतले, उत्तर नागपुरातले. मी त्यांच्या घरी गेले ती भांडायची तयारी करूनच. म्हणाले, “जयभीम. बस. आधी चहा घे, मग भांड.”

माझा मुद्दा मी मांडला, आणि तो आजही मला खोटा वाटत नाही. आपलं साहित्य आलं तेव्हापासून त्याला ‘प्रचारकी’ म्हटलं गेलं. सूचक लिहा, संयत लिहा, हा सल्ला आपल्याला नेहमी वरून आला. ज्यांना न बोलताही सगळं मिळत होतं, त्यांना सूचकता परवडते. आपल्याकडे तर जलशांनी विचार गावोगाव नेला, तो उघड बोलून, गाऊन. आणि ‘न सांगणं’ या गोष्टीला आपल्या जगण्यात एक वाईट अर्थ आहे. खोली मिळावी म्हणून आडनाव न सांगणारे आपल्यात किती आहेत, हे मी वस्तीत काम करताना रोज पाहते. मग कथेनेही तेच करायचं?

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “विचार काढायला मी सांगितलंच नाही. मी विचारतोय, हा मुलगा बोलतो कोणाशी? प्रत्येक वाक्यापुढे लिही. मालकाशी, आईशी की वाचकाशी.”

मी पेन्सिल घेतली. मालकाला उद्देशून खरोखर चार वाक्यं निघाली. आईशी एकही नाही. उरलेली सत्तावीस वाचकासाठी होती. आडनाव म्हणजे जात, हे मालकाला माहीत होतं, म्हणूनच त्याने विचारलं होतं. आईला तर ते सुमेधच्या जन्माआधीपासून माहीत होतं. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट सुमेध मोठ्याने सांगत होता, आणि तोपर्यंत मालक, मालकीण आणि आई तिघेही पुतळ्यासारखे थांबले होते. लांब भाषण बिघडलं आहे हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. बाकीची पात्रं काही करत नाहीत, मध्ये बोलत नाहीत, उठून जात नाहीत. खरा घरमालक दुसऱ्या वाक्याला म्हणाला असता, “भाऊ, आवाज खाली.”

मग सरांनी कलम १५वर बोट ठेवलं. “वाचलंस का नीट?” त्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावं आहेत. खाजगी माणसाने भाड्याने द्यायच्या खोलीचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे सुमेधचा ठाम दावा त्या कलमाच्या शब्दांत तसा बसतच नव्हता. हे मालक बोलू शकला असता, तर सुमेध अडकला असता. पण मी मालकाचं तोंड बंद केलं होतं, म्हणून माझी चूक झाकली गेली. भाषणात हा धोका असतो. समोर उत्तर देणारा नसला की लेखक आपलंच म्हणणं तपासत नाही. तो मुद्दा लेखात आला असता तर मी दोनदा तपासला असता.

यानंतर आम्ही कथा सुधारायला बसलो. भाषणातले विचार मोजले तर फक्त तीन निघाले. एक, आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं. दोन, हा अपमान सभ्य भाषेत होतो. तीन, शिक्षण-नोकरीने तो थांबत नाही. प्रत्येक विचारासाठी सरांचा प्रश्न एकच होता: प्रसंगात हे आधीच घडलं आहे का?

पहिला विचार मालकाच्या तीन प्रश्नांत आधीच होता. तो भाषणातून सरळ गेला. तिसरा विचार मी पहिल्याच पानावर टाकला. सुमेध पगाराची स्लिप आणि ऑफिसचं ओळखपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून आणतो, आणि मालक ती फाइल उघडतच नाही. शेवटी आई ती टेबलावरून उचलते आणि पिशवीत ठेवते. शिक्षणाबद्दल एकही शब्द लिहावा लागला नाही.

दुसरा विचार सर्वांत अवघड होता, कारण माझा मालक खलनायक होता. कपाळावर आठ्या, आवाजात तुच्छता. सर म्हणाले, “असा मालक तुला कधी भेटला?” नाही भेटला. भेटतात ते गोड बोलणारे. म्हणून नव्या मसुद्यात मालक म्हणतो, “आमचं काही नाही हो, आम्ही असलं काही मानत नाही. पण आजूबाजूचे लोक...” तो बाबासाहेबांच्या विद्वत्तेचं कौतुकसुद्धा करतो. आणि मालकीणबाई? ती दोघं आल्या आल्या म्हणते, “बसा, चहा टाकते.” आतून आल्याचा वास येतो. मग आडनाव विचारलं जातं. मालकीण दारातून ऐकते आणि आत जाते. थोड्या वेळाने गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज येतो. चहा येत नाही.

आता शेवट. सगळंच गिळायचं नाही, एक वाक्य ठेवायचं, असं सरही म्हणाले. पण ते सुमेधला द्यायचं की दुसऱ्या कोणाला? सुमेध तरुण आहे, संतापणं त्याला सोपं आहे. आईला ते सोपं नाही. ती अख्ख्या कथेत कमी बोलते, मुलाला खोली मिळावी म्हणून हसून घेते. दारात चप्पल घालताना ती आत पाहून म्हणते, “ताई, चहाकडे पाहा बरं, उतू जाईल.” आतून उत्तर येत नाही. कथा तिथे संपते.

दीड पानाचं भाषण गेलं आणि सहा शब्द उरले. मला ते पटलं, पण परीक्षा पुढेच होती.

ती कथा मी दोन ठिकाणी वाचून दाखवली. आमच्या वस्तीतल्या विहारात तरुण मुलं होती. आईच्या वाक्यावर आधी हशा आला, मग शांतता झाली. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे तर पाण्याचा ग्लासच परत नेला होता.” दुसऱ्या ठिकाणी, कामाच्या जागी, एका सवर्ण सहकाऱ्याने वाचून विचारलं, “भाडं जमलं नसेल ना? आणि चहा विसरली असेल बाई.”

मी हे सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता माझा मुद्दा सिद्ध झाला. ज्याने भोगलं नाही त्याला गॅसचं बटण ऐकू येत नाही, त्याला भाषणच लागतं. सर म्हणाले, “भाषण परत आणू नको. त्याची पळवाट बंद कर.” म्हणजे काय? भाडं आडनावाच्या आधीच ठरवायचं. मालक साडेसात हजार सांगतो, सात हजार दोनशेवर तुटतं, मालक म्हणतो, “एक तारखेला या राहायला,” किल्ली टेबलावर ठेवतो. पावती लिहायला म्हणून तो पूर्ण नाव विचारतो. आणि नाव ऐकल्यावर पुतण्या जन्माला येतो. किल्ली खिशात परत जाते. ही चार वाक्यं वाढवली. आता भाड्याचं कारण सांगता येत नाही, विसरभोळेपणाचंही नाही. त्या सहकाऱ्याला मी नवा मसुदा दिला. तो वाचून काही बोलला नाही, पण भाड्याचा विषयही काढला नाही.

माझ्यासाठी या सगळ्यातली कामाची गोष्ट हीच. सूचक लिहिणं आणि मोघम लिहिणं यांत फरक आहे. मोघम कथेत वाचकाला जातीशिवाय दुसरं कारण शोधायची सोय राहते. सूचक कथेत कोणी निष्कर्ष सांगत नाही, पण तथ्यं अशी लावलेली असतात की दुसरा निष्कर्ष उरत नाही. आपल्याला वरून जो ‘संयत लिहा’ असा सल्ला मिळतो, त्यातून बहुतेक वेळा मोघम लेखन हवं असतं. म्हणून त्याला विरोध करायचा तो इथे, नेमक्या या जागी.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आठवा. त्याच नावाचा संग्रह १९६३चा. जात लपवणारा नायक उघडा पडतो, मार खातो, आणि शेवटी दोष मारणाऱ्या माणसांवर न ठेवता मनूवर ठेवतो. विचार उघड आहे, पण तो मार खाल्लेल्या माणसाच्या तोंडून, मार खाल्ल्यानंतर आणि अगदी थोडक्यात येतो.

आणि आपल्या नागपुरातलाच ‘झुंड’ पाहा, नागराज मंजुळेंचा, २०२२चा. विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. त्यात कोर्टातलं लांब भाषण आहे. ते काढा असं मी म्हणणार नाही, कारण समोर न्यायाधीश आहे, त्याला निर्णय द्यायचा आहे, बोलण्याला त्या जागी काम आहे. पण संपादक म्हणून एक प्रश्न मी विचारेन: मुलगा उभा असताना त्याच्याबद्दल सर का बोलतात? त्याच चित्रपटात रिंकू राजगुरूने केलेली मुलगी आणि तिचे वडील पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा जमवत दारोदार फिरतात. ‘या देशात आमची नोंद कुठे आहे’ असं तिथे कोणी भाषणात म्हणत नाही. माझ्या वस्तीतल्या बायका रेशन कार्डासाठी अशाच फिरतात, म्हणून मला त्या कागदांचं ओझं कोर्टातल्या भाषणापेक्षा जास्त जाणवलं.

तेव्हा मित्रांनो, सभेत उघड बोला, लेखात पुराव्यासह बोला, जलशात गा. कथा किंवा एकांकिका लिहिताना मात्र एकदा पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे कोणाशी. माझी ती सत्तावीस वाक्यं वाया गेली नाहीत. कलम १५ पुन्हा वाचून त्यांचा मी वेगळा लेख लिहिते आहे. खाजगी भाड्याच्या घराचा उल्लेख त्या कलमात का नाही, हा प्रश्न सुमेधने विचारायचा नव्हता. तो मी माझ्या नावाने विचारायचा होता.